द्राक्षाच्या पोस्टमध्ये ‘पेटी’ म्हणजे किती किलो? तुमचेही अनुभव लिहा

दिंडोरीची सून
आज सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकलं, "गोड द्राक्षे, थेट शेतातून, पेटी फक्त..., उद्या सकाळी." उद्या म्हणजे कधी, काही कळेना. आणि मला २०२१चा फेब्रुवारी आठवला.

दिराची बाग होती. शेतकरी गटातल्या चौघांनी मिळून थेट विकायचं ठरवलं आणि पोस्ट मी लिहिली: "थेट शेतातून गोड द्राक्षे! पेटी ३००/-. उद्या सकाळी गंगापूर रोडला. त्वरित संपर्क साधा." दिवसभर फोन थांबेना. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, पेटीत किती? एक काकू पाच किलो समजून आल्या, घरी वजन केलं तर चार. त्यांना वाटलं आम्ही फसवलं. मला रात्री झोप लागली नाही. शिवाय गंगापूर रोड केवढा लांब! अर्धे लोक भलतीकडे उभे. पुढे दोन दिवस "उद्या" वाचून माणसं येतच राहिली.

पुढच्या आठवड्यात दीर आणि मी ओट्यापाशी बसून नवीन लिहिली:

"थॉमसन द्राक्षे, हिरवी, बिनबियांची. शुक्रवारी सकाळी तोडलेली.
१ पेटी = ४ किलो निव्वळ द्राक्षे, खोक्याचं वजन धरलेलं नाही.
३०० रु. पेटी, म्हणजे ७५ रु. किलो. सुटी मिळणार नाहीत.
एकूण ६० पेट्या.
शनिवार, २० फेब्रुवारी २०२१, सकाळी ७:३० ते १०.
जेहान सर्कलजवळ, पांढरी पिकअप.
शुक्रवारी रात्री ८ पर्यंत नाव आणि किती पेट्या ते कळवा. २० तारखेनंतर ही पोस्ट रद्द समजावी."

फोन आले, पण "लिहून घ्या, दोन पेट्या" असे. साडेनऊला गाडी रिकामी.

निफाडचा बागायतदार
ताई, शेवटची ओळ लाखमोलाची. ग्रुपमधली आपली पोस्ट बदलता आली, तरी पुढे गेलेल्या फॉरवर्डमध्ये जुनंच राहतं. म्हणून तारीख मजकुरातच हवी, आणि "उद्या" तर कधीच लिहू नये.
अजून एक. आम्ही चार किलो लिहितो तेव्हा भरताना शंभर ग्रॅम जास्त टाकतो. तोडल्यावर देठ सुकतो, वजन उतरतं. गिऱ्हाइकाने घरी काट्यावर ठेवलं की बरोबर भरायला हवं.

satpur_मावशी
मला दोन पेट्या हव्यात, इंदिरानगरला द्याल का?

दिंडोरीची सून
मावशी, ती पोस्ट २०२१ची आहे हो 🙏 यंदा दिराने बाग काढली.

satpur_मावशी
अरेरे. एवढी वर्षं जपलेली बाग काढताना जीव तुटतो. आमच्या माहेरीही तेच झालं.

कॉलेजरोड_अभि
"गोड" असं लिहिण्याऐवजी मीटरवर मोजलेला गोडीचा आकडा, ब्रिक्स १८ असं लिहावं. मग वाद उरत नाही.

निफाडचा बागायतदार
उरतो, भाऊ. मीटरवर ज्या मण्याचा थेंब टाकला त्याचाच आकडा येतो. घडाच्या खांद्याचे मणी गोड, शेंड्याचे त्याहून कमी. वरचा मणी दाबून आकडा घेतला आणि पोस्टमध्ये टाकला की शेंडा खाणारा आंबट म्हणून भांडतो. लिहायचंच तर खालचे-वरचे मणी एकत्र पिळून घ्यावं. मी मात्र तोडणीचा दिवस लिहितो आणि गाडीवर एक घड चाखायला ठेवतो.

लासलगावकडची
आमचं कांद्याचं. भावाने फेब्रुवारीत "कांदा, गोणी इतक्याला" एवढंच लिहिलं. घेणाऱ्यांनी साठवणीचा समजून चार-चार गोण्या नेल्या. होता लाल! महिन्याभरात कोंब. आता तो "लाल कांदा, लगेच वापरायचा, साठवणीचा नाही" असं पहिल्याच ओळीत लिहितो. साठवणीचा उन्हाळ कांदा निघाला की वेगळी पोस्ट. आणि गोणी किती किलोची तेही. सगळे ५० धरतात, आमची ४५ची असते.

पंचवटीकर
आगाऊ पैशाचं काय करता? माझ्याकडे २५ नावं आली, १६ माणसं. उरलेला माल दुपारी उन्हात पडेल त्या भावाने दिला, फार वाईट वाटलं.

दिंडोरीची सून
आम्ही नाही घेतले. दहानंतर राहिलेल्या पेट्या समोर असेल त्याला देऊ, एवढं सांगायचो.

निफाडचा बागायतदार
मी पेटीमागे ५० घेतो. पण अवकाळी आला आणि तोडणी लांबली तर सगळ्यांना परत करत बसावं लागतं. मागे एकदा चाळीस जणांना परत केले. अजून ठरत नाही काय बरं ते.

कॉलेजरोड_अभि
मग "पाऊस झाला तर रविवारी, त्याच जागी" अशी ओळ टाकली तर?

निफाडचा बागायतदार
पाऊस लागलेला माल एका दिवसात नीट होत नाही, मणी तडकतात. तारीख नका देऊ, "कळवू" लिहा. चला, पाण्याची पाळी आहे, मोटर चालू करायचीय.

लासलगावकडची
मावशी, इंदिरानगरला आमच्या ओळखीचे दर गुरुवारी गाडी लावतात. पेटी किती किलोची ते आधी विचारते, मग सांगते.