विरामकोन, विश्रांती कोन, घर्षणकोन: तीन नावं, गोष्ट एकच का?

थांगपत्ता
लेकीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या टिपणांना मराठी शब्द शोधून देते आहे. 'अँगल ऑफ रिपोज'ला एके ठिकाणी 'विरामकोन' दिसला, दुसरीकडे 'विश्रांती कोन', आणि क्लासच्या सरांनी फळ्यावर सरळ 'घर्षणकोन' लिहिलं. ही एकाच गोष्टीची नावं आहेत का?

दुसरा प्रश्न अर्थाचा. फळी हळूहळू उचलत गेलो की एका कोनाला ठोकळा घसरायला लागतो आणि त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षण गुणांक. सूत्रातून ते सुटतं, mg वरखाली कटतं, सगळं ठीक. पण "टॅन्जंटच का?" असं तिनं विचारलं तेव्हा मला सूत्राबाहेर काही सांगता आलं नाही. शिवाय वाळूच्या ढिगाच्या उतारालाही हाच शब्द वापरतात. ढिगात ठोकळा कुठून आला?

मुळाक्षर
'विश्रांती' नको. विश्रांती दमलेला माणूस घेतो. 'विराम' म्हणजे चालू असलेलं थांबणं, ते ढिगाला शोभतं. धान्य ओतत गेलो की रास वाढते, कडा ढासळतात आणि एका उतारावर थांबतात. खळ्यावर याला वेगळं नाव असायला हवं होतं, पण मला 'रास बसली' यापलीकडे काही ऐकल्याचं आठवत नाही. कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

सोळा आणे
टॅन्जंटचं फार मनावर घेऊ नका. फळीचं टोक किती उचललं, एवढाच मुद्दा आहे. 100 सेंटिमीटरची फळी 45 सेंटिमीटर उचलल्यावर ठोकळा सुटला, तर गुणांक 0.45. जड ठोकळा असो वा हलका, तेवढ्याच उंचीला सुटतो, करून बघा. कोन मोजायची गरजच नाही.

पाटाचं पाणी
सोळा आणे, वजनाचं तुमचं बरोबर आहे आणि कोन मोजावा लागत नाही हेही बरोबर. फक्त भागाकार चुकला. उंचीला फळीच्या लांबीनं भागायचं नाही, जमिनीवर पडणाऱ्या पायानं भागायचं. तुमच्याच आकड्यांत, टोक 45 वर असताना पाया साधारण 89 सेंटिमीटर उरतो. 45 भागिले 89 म्हणजे 0.50. फळी थोडीच उचलली असेल तर दोन्ही उत्तरं जवळपास सारखी येतात. 20 सेंटिमीटरला तुमचं 0.20 आणि माझं 0.204, म्हणून गुळगुळीत वस्तूंवर फरक कळत नाही. खरखरीत वस्तू घेतली की कळतो. 45 अंशांना सुटणारा ठोकळा तुमच्या हिशेबानं 0.71, खरं उत्तर 1. आणि तुमच्या रीतीनं गुणांक 1 च्या वर कधी जाणारच नाही, रबराचा मात्र कोरड्या खरखरीत पृष्ठभागावर जातो.

आता थांगपत्ताताईंचा 'का'. वजन सरळ खाली ओढतं. फळी तिरपी झाली की त्या ओढीचे दोन वाटे होतात: एक ठोकळ्याला फळीवर दाबतो, दुसरा फळीवरून खाली खेचतो. फळी जशी उचलाल तसा खेचणारा वाटा वाढतो आणि त्याच वेळी दाबणारा घटतो. घर्षणाला ठोकळ्याचं पूर्ण वजन किती ते माहीतच नसतं, त्याला फक्त दाब कळतो. दाबाच्या ठराविक पटीपर्यंत ते धरून ठेवतं. ती पट म्हणजे गुणांक. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की खेच ही दाबाच्या किती पट झाली. वजनाचे वाटे फळीच्याच तिरपेपणानं पडतात, म्हणून खेच आणि दाब यांचं प्रमाण तेच असतं जे फळीच्या उंचीचं पायाशी असतं. त्याच प्रमाणाला आपण टॅन्जंट म्हणतो. साइनमध्ये खेचेची तुलना पूर्ण वजनाशी होते, म्हणजे ठोकळा सपाट फळीवर असताना जो दाब होता त्याच्याशी. पण तेवढा दाब आता उरलेलाच नाही.

मी मातीकामात आयुष्य काढलं. आमच्याकडे अंश कोणी बोलत नाही. बांधाचा उतार 'दीडास एक' म्हणतात, दीड आडवं आणि एक उभं. भागाकार 0.67, कोन 34 अंशांच्या आत-बाहेर, आणि कोरडी वाळू मोकळी सोडली की साधारण तिथंच बसते. टॅन्जंट हा शब्द न उच्चारता मुकादम दिवसभर तोच वापरत असतो.

गवंडीकाम
ठोकळ्याचं जाऊ द्या, माझ्या कामाचं सांगा. ट्रकवाला एक ब्रास वाळू म्हणून रस्त्याकडेला ओतून जातो. फरा आणून मोजायला कोणाला वेळ नसतो. ढिगावरून कळेल का?

पाटाचं पाणी
विषय जरा वेगळा आहे, पण कळेल. ढीग गोल शंकूसारखा ओतलेला हवा. बुडाभोवती दोरी फिरवा. दोरी 33 फूट भरली तर बुडाची त्रिज्या सव्वापाच फूट. कोरड्या वाळूला उंची त्रिज्येच्या 0.67 पट, म्हणजे साडेतीन फूट. शंकूचं घनफळ येतं 101 घनफुटांच्या आसपास, म्हणजे एक ब्रास. दोरी नीट ताणून घ्या. त्रिज्येचा घन होतो, त्यामुळे दोरीत एक फूट चुकला तर मालात नऊ टक्के चुकतात.

वाळू ओलसर असेल तर हे सोडून द्या. कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, उतार जास्त चढा दिसतो आणि वाळू फुगते. बारीक वाळू थोड्याशा ओलाव्यानं वीस-पंचवीस टक्के जास्त जागा व्यापते. तेवढे पैसे तुम्ही हवेचे देता.

थांगपत्ता
वाट्यांचं पटलं, लेकीलाही पटलं. आम्ही लगेच फळी घेतली. पाठ्यपुस्तक आडवं ठेवलं तर छान घसरलं. मसाल्याचा उंच चौकोनी लाकडी डबा उभा ठेवला तर तो घसरलाच नाही, सरळ आडवा पडला. मग गुणांक किती धरायचा?

पाटाचं पाणी
त्या डब्यानं गुणांक सांगितलाच नाही. त्यानं स्वतःचा आकार सांगितला. वजनाची रेषा तळाच्या खालच्या कडेबाहेर गेली की डबा कलंडतो, आणि सारखा भरलेला असेल तर तसं तळाची रुंदी भागिले उंची एवढ्या उताराला होतं. डबा 4 सेंटिमीटर रुंद आणि 10 उंच असेल तर 0.4 लाच पडणार. घर्षण 0.5 पर्यंत धरणारं असेल तर घसरायची पाळीच येत नाही. तोच डबा आडवा ठेवून मोजा.

आणखी एक बघा. घसरायला लागल्यावर फळी तशीच ठेवली तर डबा वेग घेतो, कारण सरकताना घर्षण थोडं कमी धरतं. फळी हळूहळू खाली आणत तो एकसारख्या वेगानं सरकेल असा कोन शोधलात तर आधीपेक्षा लहान मिळेल. त्याचा टॅन्जंट म्हणजे सरकतानाचा गुणांक. वहीत दोन्ही वेगळे लिहा. ठोकळ्याला टिचकी मारून मोजणारी मुलं नकळत दुसराच मोजतात.

मुळाक्षर
इथं मला शब्दाचा धागा सापडला. ठोकळ्याचा कोन म्हणजे सुटण्याचा क्षण. ढिगाचा कोन म्हणजे ढासळून झाल्यावर थांबण्याचा. एक प्रस्थान, दुसरा विराम. दोघांना एकच नाव कसं चालेल? ठोकळ्याला 'घर्षणकोन', ढिगाला 'विरामकोन', आणि वाद मिटला.

पाटाचं पाणी
एवढा सहज मिटत नाही. पुस्तकातला घर्षणकोन म्हणजे सपाट फळीवर ओढलेला ठोकळा सुटण्याच्या बेतात असताना घर्षण आणि अभिलंब प्रतिक्रिया यांची मिळून होणारी दिशा अभिलंबापासून किती झुकते तो. त्याला उतार लागतच नाही. तो आणि ठोकळा सुटण्याचा कोन मापानं सारखे निघतात, पण व्याख्या वेगवेगळ्या. म्हणून तिथे दोन शब्द हवेतच. आणि ढिगातही दोन कोन आहेत. ओतत राहिलं की उतार दोन-तीन अंश जास्त चढतो, मग एक थर सुटतो आणि खालच्या कोनाला थांबतो. तुमचा 'विराम' दुसऱ्यालाच लागू पडतो.

कणकण
औषधांच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे गोळ्या दाबण्याआधी दाण्यांचा विरामकोन रोज मोजतात. नरसाळ्यातून ढीग पाडायचा, उंची भागिले त्रिज्या. 25 ते 30 अंश म्हणजे उत्तम वाहतो, 46 च्या वर गेला की साच्यात एकसारखा भरत नाही आणि गोळ्यांचं वजन हलायला लागतं. पण त्याचा टॅन्जंट घेऊन कोणी घर्षण गुणांक काढत नाही. बारीक पूड एकमेकींना चिकटते, नरसाळं उंच धरलं तर ढीग चपटा पडतो, खालची ताटली गुळगुळीत असली तरी फरक पडतो. एकाच पुडीला दोन माणसांनी दोन कोन काढलेले पाहिलेत. तुमचं 'बरोबर' हे चिन्ह ढिगात कशाच्या बळावर टाकता?

पाटाचं पाणी
कोरड्या, न चिकटणाऱ्या, भरड वाळूपुरतंच टाकतो. ढिगाच्या पृष्ठभागाला समांतर असा एक पातळ थर मनात धरा. तो थर म्हणजे ठोकळा आणि खालची वाळू म्हणजे फळी. हिशेब तोच, थराची जाडीही कटून जाते, म्हणून पसाभर ढीग आणि ट्रकभर ढीग एकाच उताराचे. पण त्यातून मिळणारा आकडा वाळूवर वाळूचा थर सरकण्याचा आहे, एका कणाचा दुसऱ्या कणावर नव्हे. कण एकमेकांत अडकतात, सरकण्याआधी एकमेकांवर चढावं लागतं. नदीतली गोटीव वाळू कमी चढते, क्रश सँडचे टोकदार कण जास्त, जरी दोन्हींचा दगड सारखाच घासत असला तरी. चिकटणाऱ्या पुडीला माझा हिशेब लागू नाही, कारण चिकटणं दाबावर अवलंबून नसतं. दाब शून्य असला तरी ते धरतं.

कणकण
मग ढिगाच्या बाबतीत 'घर्षण' हा शब्दच अर्धा खोटा. अडकणं, चढणं, घासणं, सगळं एका आकड्यात.

पाटाचं पाणी
मातीकामवाले त्या सगळ्यालाच 'आंतरिक घर्षण' म्हणतात आणि भिंती उभ्या करतात. कुलोम यांनी 1773 मध्ये मातीच्या भिंतींचा निबंध वाचला तेव्हाही घर्षण आणि चिकटणं हे दोन वेगळे आकडे धरले होते. शब्द अपुरा आहे हे मान्य, पण दुसरा चांगला सुचवा.

मुळाक्षर
'रासकोन' कसा वाटतो? निदान ढीग आहे हे तरी कळतं.

थांगपत्ता
मी लेकीला ठोकळ्यासाठी 'विरामकोन'च लिहून देते, परीक्षेत तोच बघतात. ढिगासाठी 'रासकोन' समासात लिहिला, तिला आवडला.

कणकण
ठोकळा थांबलेलाच नाही तिथे 'विराम' लिहायचा आणि जिथे खरोखर थांबतो तिथे नवा शब्द! उलटं करा की.

गवंडीकाम
पाटाचं पाणी साहेब, हल्ली नदीची वाळू मिळत नाही, क्रश सँडच येते. तिला दोरी किती धरू?

पाटाचं पाणी
आकडा पाठ करू नका, दर खाणीची वेगळी. ढिगाच्या टोकाच्या उंचीला सरळ पट्टी धरा, उंचीला त्रिज्येनं भागा. 0.75 आलं तर एका ब्रासला दोरी साडेएकतीस फुटांच्या थोडी वर भरेल. आणि टोक बोथट झालेला, पायांनी तुडवलेला ढीग मोजू नका.