मदत हवी आहे: 'हाय'ला उत्तर आलं नाही, आता दुसरा मेसेज कसा लिहू?

कॉलेजमधल्या मैत्रिणीचा नंबर सहा वर्षांनी मिळाला. 9 दिवसांपूर्वी तिला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "हाय, कशी आहेस? ओळखलंस का?" दोन करड्या टिका दिसतात, म्हणजे मेसेज पोचलाय. पण निळ्या टिका बंद ठेवता येतात, त्यामुळे तिने तो वाचला की नाही ते कळत नाही.

आता वाटतं, चूक माझ्या पहिल्या मेसेजमध्येच होती. नुसत्या 'कशी आहेस'ला काय उत्तर द्यायचं? सहा वर्षांचं सगळं सांगावं लागेल, म्हणून माणूस 'निवांत लिहू' म्हणतो आणि राहून जातं. 'ओळखलंस का' तर परीक्षाच झाली. शिवाय मी नाव लिहिलंच नव्हतं!

दुसऱ्या मेसेजचे दोन मसुदे केले. पहिला: "मेसेज बघितलास ना? बिझी असशील." तो खोडला, कारण 'बिझी असशील'मध्ये टोमणा ऐकू येतो. दुसरा असा:

"अगं, मी मेघना, हॉस्टेलमधली तुझी रूममेट. आज कपाट आवरताना आपला सहलीचा फोटो सापडला, सोबत पाठवतेय. मागे उभी असलेली ती उंच मुलगी कोण गं?"

यात आधीच्या मेसेजचा उल्लेख मुद्दाम टाळलाय आणि प्रश्न एका शब्दात उत्तर देता येईल असा ठेवलाय. यालाही उत्तर नाही आलं, तर तिसरा पाठवणार नाही.

तुम्हाला हा मेसेज आला असता, तर कुठे खटकलं असतं का? आणि आत्ताच पाठवू की आणखी आठवडाभर थांबू?