स्नॅप टर्न, स्मूथ टर्न आणि बटणांची अदलाबदल

रणगाडा_नाशिक:
रोज कुणीतरी विचारतं, व्हीआरमध्ये मळमळतं, काय करू? एकच उत्तर आहे. दृश्य एका झटक्यात वळवणारं स्नॅप टर्न बंद करा, सलग फिरवणारं स्मूथ लावा, हालचालीत दृश्याच्या कडा झाकणारं व्हिन्येट काढून टाका आणि थोडे दिवस सहन करा. शरीर सरावतं. स्नॅप म्हणजे सायकलची आधारचाकं, त्यावर आयुष्यभर कोण बसतं? आणि बटणं बदलत बसू नका, डेव्हलपरने विचार करूनच दिलेली असतात. माझं मत पटत नसेल तर सांगा.

निशाचर:
पटत नाही, आणि सविस्तर सांगतो, कारण हा सल्ला वाचून नवीन माणसं हेडसेट विकून टाकतात.

सराव होतो, काहींचा होतो. पण तो मळमळ सुरू होताच थांबणाऱ्यांचा होतो. दात ओठ खाऊन खेळत राहिलं की बऱ्याच जणांचं उलट होतं, पुढच्या वेळी हेडसेट हातात घेतला तरी पोटात ढवळतं.

आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना फिरण्याचा वेग कळत नाही, वेगात होणारा बदल कळतो. कंट्रोलरची काठी ढकलली की डोळ्यांना सगळी खोली फिरताना दिसते आणि कानाकडून काहीच येत नाही. त्रास या विसंगतीचा आहे. स्नॅपमध्ये मधलं फिरणं दिसतच नाही. एक दृश्य गेलं, ४५ अंश वळलेलं दुसरं आलं, संपलं. त्यामुळे स्नॅप ही स्मूथच्या आधीची इयत्ता नव्हे, ती वेगळी पद्धत आहे. तिची किंमतही आहे: गोंधळात दोनतीनदा वळलं की आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते क्षणभर कळत नाही, आणि बाजूने पळणाऱ्या शत्रूवर नेम धरून वळता येत नाही. ज्याला ती किंमत जड वाटते त्याने ४५ ऐवजी ३० अंश घ्यावेत. पूर्ण वळायला ८ ऐवजी १२ झटके लागतील, पण दिशा हरवणार नाही.

स्मूथच हवं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेक लोक घाबरून वेग अगदी कमी करतात. सेकंदाला ४५ अंश ठेवले तर काटकोनात वळायला २ सेकंद लागतात, तेवढा वेळ डोळ्यांसमोर जग सरकत राहतं. १२० अंशांवर तेच पाऊण सेकंदात उरकतं. बऱ्याच जणांना जलद आणि एकसमान वळण सोसतं, हळूहळू वेग घेणारं सोसत नाही. गेममध्ये वळण्याच्या वेगाला चढती वक्ररेषा देण्याची सोय असेल तर ती बंद करून बघा. व्हिन्येटही काढायची घाई नको. कोलंबिया विद्यापीठात फर्नांडिस आणि फायनर यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की हालचालीच्या वेळी दृष्टिक्षेत्र हळूच अरुंद केलं तर लोकांना बरं वाटतं आणि आपण तिथे आहोत ही भावनाही कमी होत नाही.

आता बटणं. अनेक गेममध्ये उजव्या काठीवर डावीकडे-उजवीकडे वळणं असतं, आणि त्याच काठीवर वर ढकललं की उडी, खाली ओढलं की बसणं. मागून कुणी आलं की अंगठा सरळ रेषेत जात नाही, तिरका जातो. मग माणूस वळता वळता बसतो, कॅमेरा खाली आदळतो आणि पोट हलतं. लोक त्याला स्मूथ टर्नचा दोष म्हणतात. स्टीमव्हीआरमध्ये `Settings > Controllers > Manage Controller Bindings` उघडा, गेम निवडा, बाइंडिंग, म्हणजे कुठलं बटण काय करतं याची जुळणी, एडिट करा. उडी आणि बसणं काठीवरून काढून A आणि B वर टाका. काठीवर फक्त वळणं ठेवा. स्वतःच्या नावाने सेव्ह करा. गेमच्या आतल्या सूचना जुनंच बटण दाखवत राहतील, तिकडे लक्ष देऊ नका.

कोल्हापुरी_ठसका:
निशाचर, एवढं पुराण कशाला? सगळा खेळ फ्रेमरेटचा आहे. मी ७२ वरून १२० हर्ट्झवर गेलो आणि स्मूथ टर्न लोण्यासारखं झालं. चांगलं ग्राफिक कार्ड घ्या, बाकी काही बदलू नका.

निशाचर:
अर्धं बरोबर आहे तुमचं. वेग सेकंदाला १२० अंश असेल तर ९० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेमला दृश्य साधारण १.३ अंश सरकतं. कार्डाला झेपलं नाही आणि खरे फ्रेम ४५ वर आले, तर २.७ अंशांच्या उड्या पडतात. पण गंमत अशी, की डोकं हलवलं तर त्याच वेळी सगळं गुळगुळीत दिसतं. चुकलेल्या फ्रेमच्या जागी आधीचं दृश्य सरकवून दाखवणारं रिप्रोजेक्शन मुख्यतः डोक्याची हालचाल भरून काढतं, काठीने दिलेलं वळण त्याला डोक्याचं वळण वाटत नाही. म्हणून तपासायचं असेल तर दाराच्या चौकटीकडे बघत आधी मान वळवा, मग काठीने वळा. मान वळवताना चौकट स्वच्छ आणि काठीने वळताना तिच्या कडा दुहेरी दिसल्या, तर रिझोल्यूशन कमी करा. पण फ्रेम पक्के बसलेले असूनही ज्याला मळमळतं, त्याच्या कानाचं तुमचं कार्ड काय करणार?

कोल्हापुरी_ठसका:
बरं, कानाचं असू दे. पण माझं म्हणणं खोटं नाही, एवढं तरी लिहा.

सुमेधा_चिंचवड:
बटणं बदलू नका असं लिहिणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार करावा. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. काठी ढकलत असतानाच ती आत दाबून धावायचं, ही कल्पना ज्यांनी काढली त्यांचे अंगठे विशीतले असणार. मला ते दुखतं, आणि नुसतं दुखत नाही, रात्रभर ठणकतं. मी धावणं डाव्या ग्रिपवर नेलं आणि ते `Toggle Button` केलं, एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. आता तासभर खेळू शकते. डेव्हलपरने विचार केला असेल, पण माझ्या हाताचा केला नव्हता.

रणगाडा_नाशिक:
ताई, तुमची गोष्ट वेगळी आहे. मी धडधाकट माणसांबद्दल बोलत होतो.

सुमेधा_चिंचवड:
धडधाकट माणसांबद्दल बोलत असाल तर तसं लिहायचं होतं. "आधारचाकं" म्हणताना सगळेच त्यात आले.

प्लॅटफॉर्म_दोन:
रेसिंग गेममध्ये स्नॅप टर्नचा पर्यायच दिसत नाही. कुठे लपलाय? गाडी वळली की मला गरगरतं.

निशाचर:
तो पर्याय तिथे नसतो, कारण तिथे गाडी वळते, तुम्ही नाही. तिथे क्षितिज स्थिर ठेवण्याचं सेटिंग असेल तर ते शोधा. डॅशबोर्ड दिसेल असा दृष्टिकोनही मदत करतो. या धाग्याचा विषय मात्र वेगळा आहे.

अंगठेबहाद्दर:
एक गोष्ट कुणीच बोललं नाही, काठीचा ड्रिफ्ट. माझ्या उजव्या कंट्रोलरमध्ये होता आणि मला महिनोन्‌महिने वाटत होतं की स्मूथ टर्न मला झेपत नाही. काठी सोडली तरी जग अगदी हळू डावीकडे सरकत होतं, इतकं हळू की डोळ्यांना कळत नव्हतं, पोटाला कळत होतं. स्नॅप लावलं की त्रास गायब, कारण स्नॅपला काठी बरीच ढकलावी लागते, थोडासा ड्रिफ्ट तिथपर्यंत पोचत नाही. स्टीमव्हीआरच्या कंट्रोलर टेस्टमध्ये काठीला हात न लावता बघा. आकडा शून्याच्या आसपास स्थिर राहिला नाही, तर वळणाचा प्रकार बदलण्याआधी डेडझोन वाढवा, म्हणजे काठीची मधली बारीक हालचाल गेम मोजणार नाही.

कोल्हापुरी_ठसका:
डेडझोन वाढवणं म्हणजे रोग झाकणं. आतला पोटेन्शियोमीटर झिजलाय, तो झिजतच जाणार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नाहीतर हॉल इफेक्टवाली काठी बसवून घ्या.

अंगठेबहाद्दर:
क्लीनरने थोडे दिवस बरं होतं आणि परत सुरू होतं, मी करून बघितलंय. उघडल्यावर वॉरंटी जाते ते वेगळंच. विकणाऱ्याने मला आधी "तुम्ही जोरात दाबता" असं सांगून परत पाठवलं होतं. सगळ्यांना सोल्डरिंग येत नाही भाऊ.

कोल्हापुरी_ठसका:
येत नाही तर शिका. दर वेळी सॉफ्टवेअरने पट्टी बांधायची सवय लागली आहे सगळ्यांना.

निशाचर:
वस्तू उघडायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण डेडझोनबद्दल "पट्टी" म्हणणं मला मान्य नाही. थोडा डेडझोन चांगल्या काठीलाही लागतोच. तोटा मान्य आहे: तो फार वाढवला की हळू, बारीक वळण जातं, काठी एकदम पकडते. ड्रिफ्ट त्यापलीकडे गेला की मग काठीच बदलायची.

कोल्हापुरी_ठसका:
म्हणजे शेवटी काठी बदलायचीच! तेच तर मी सांगत होतो.

अंगठेबहाद्दर:
शेवटी, हो. पहिल्या दिवशी नाही.

वाऱ्याची_पोर:
मी मघापासून निशाचर यांनी सांगितलं तसं करते आहे आणि काहीच होत नाही. बाइंडिंग बदललं, सेव्ह केलं, गेममध्ये उडी अजून काठीवरच! केबलने क्वेस्ट जोडला आहे.

निशाचर:
हे स्पष्ट सांगायला हवं. गेम ओपनएक्सआर या सामाईक मानकावर असेल आणि तुमचं चालू रनटाइम, म्हणजे गेम आणि हेडसेट यांना जोडणारं सॉफ्टवेअर, मेटाचं असेल, तर गेम स्टीमव्हीआरकडे जातच नाही. तुम्ही भलत्याच दारावर कुलूप लावताय. स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये ओपनएक्सआर रनटाइम म्हणून स्टीमव्हीआर निवडा आणि गेम पुन्हा सुरू करा. गेम चालू असताना तो स्टीमव्हीआरच्या बाइंडिंग यादीत दिसला, तर मार्ग बरोबर आहे. हेडसेटच्याच स्टोअरमधून घेतलेला, हेडसेटवरच चालणारा गेम असेल तर मात्र हे बाइंडिंग त्याला लागूच होत नाही. तिथे आधी गेममध्ये कुठले पर्याय दिलेत ते बघा.

आणखी एक मर्यादा. वळणं ही गेमने कशी जाहीर केली आहेत त्यावर सगळं अवलंबून आहे. डावं वळण आणि उजवं वळण अशा दोन वेगळ्या क्रिया असतील तर त्या कुठल्याही बटणावर जातात, काठी डी-पॅड म्हणून वापरता येते. गेमला फक्त काठीचा अक्ष हवा असेल तर बटणाने वळण मिळत नाही.

वाऱ्याची_पोर:
रनटाइम बदलला, यादीत आला. उडी A वर गेली! आता स्नॅप ३० वर ठेवून बघते.

सुमेधा_चिंचवड:
हेडसेटवरच्या गेमना बटणं बदलण्याची सोय न देणं हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पैसे तेच घेतात.

रणगाडा_नाशिक:
ठीक आहे, उडी आणि बसणं काठीवरून काढणं मी आज करून पाहिलं. बरं वाटतं, हे मान्य करतो. सुमेधाताई, "आधारचाकं" शब्द मागे घेतो. पण स्नॅपवर शूटर खेळणाऱ्याला वळून नेम धरता येत नाही, हे तुम्हीच वर लिहिलंत, निशाचर. माझं मत तिथेच आहे. स्पर्धेत स्मूथच लागतं.

निशाचर:
काठीने वळून नेम धरायचा असेल तर लागतं, हो. पण उभं राहून खेळणारा माणूस स्वतःच्या पायावर वळू शकतो आणि काठी फक्त मोठ्या वळणांना वापरू शकतो, त्याला स्नॅपवर नेम धरायला काही अडत नाही. बसून खेळणाऱ्यांना अडतं. तुम्ही बसून खेळता का?

रणगाडा_नाशिक:
फिरत्या खुर्चीवर.

निशाचर:
मग खुर्ची फिरवा ना. केबल असेल तर ती छतावरून घ्या, नाहीतर पायात गुंडाळेल.

रणगाडा_नाशिक:
भाड्याच्या घरात छताला हुक ठोकू देत नाहीत. स्मूथच बरं.