पीएसएम 65 येतोय, मग प्लग वाढवायचा का?

शंकासुर
11 केव्हीच्या फीडरवर ओव्हरकरंट रिलेची सेटिंग काढतोय. आउटगोइंगची सीटी 200/5, जास्तीत जास्त लोड 150 अँपिअर. रिले जुना, चकतीवाला, प्लग 50 ते 200 टक्के, 25-25 च्या टप्प्यांत. इनकमरची सीटी 400/5 आणि रिले तसाच. फॉल्ट लेव्हल 250 एमव्हीए, म्हणजे 13,122 अँपिअर. आउटगोइंगचा प्लग 100 टक्के ठेवला तर पीएसएम 65.6 येतो, आणि रिलेबरोबरचा आलेख 20 लाच संपतो. एक सहकारी म्हणतो प्लग 200 कर, दुसरा म्हणतो हात लावू नकोस. तुमचं मत काय?

धडाकेबाज
200 करा आणि मोकळे व्हा. पीएसएम निम्मा होतो. शिवाय एक फायदा कुणी सांगत नाही: चकतीच्या रिलेचं बर्डन प्लगवर अवलंबून असतं. साधारण 3 व्हीए लागतात, पण ते सेटिंगच्या करंटला. 5 अँपिअरवर 0.12 ओहम, 10 अँपिअरवर 0.03. सीटीला केवढा आराम! जमलं तर आउटगोइंगची सीटीही 400/5 करून घ्या.

ग्रेडिंगवाले काका
बर्डनचं अगदी खरं आहे. बाकीचं नाही पटलं. प्लग हा मोठ्या फॉल्टकडे बघून ठरवायचाच नसतो. खालून लोड आणि वरून सगळ्यात छोटा फॉल्ट, या दोघांच्या मध्ये तो बसवायचा. मोठ्या फॉल्टचं काम टीएमएस काढताना.

शंकासुर, दोन गोष्टी सांगा. लाइनच्या शेवटच्या टोकाला फेज-फेज फॉल्ट किती येतो? आणि हे 250 एमव्हीए कुठून आणलेत? 400/5 च्या इनकमरमागे एवढी फॉल्ट लेव्हल म्हणजे मला जरा खटकतंय.

शंकासुर
शेवटच्या टोकाला 640 अँपिअर. 250 चा आकडा ब्रेकरच्या पाटीवरचा. ट्रान्सफॉर्मर एकच, 33/11 केव्ही, 7.5 एमव्हीए, इम्पीडन्स 8 टक्के. 33 केव्ही बसची फॉल्ट लेव्हल 500 एमव्हीए कळवली आहे.

ग्रेडिंगवाले काका
वाटलंच. पाटीवरचे 250 एमव्हीए ही ब्रेकरची तोडण्याची ताकद. तिथे प्रत्यक्ष किती करंट येईल ते ट्रान्सफॉर्मर ठरवतो. 7.5 ला 0.08 ने भागा: 93.75 एमव्हीए. मागचा सोर्स कितीही दणकट असला तरी याच्या वर जाता येणार नाही. त्यात 500 एमव्हीएचा सोर्स सिरीजमध्ये धरला की उरतात 79.

```
MVA = 1 / (1/93.75 + 1/500) = 79
I   = 79000 / (1.732 × 11)  = 4146 A
```

4146 भागिले 200, म्हणजे पीएसएम 20.7. आलेखाच्या टोकाशीच आलात की! 65 चं भूत पाटीतून निघालं होतं.

आता प्लगची तुलना करा. 640 अँपिअरला प्लग 100 टक्के असेल तर पीएसएम 3.2, टीएमएस 0.1 वर वेळ 0.59 सेकंद. तोच प्लग 200 केला की पीएसएम 1.6 आणि वेळ 1.48 सेकंद. वरच्या फॉल्टसाठी डोकं लढवता लढवता खालचा फॉल्ट अडीचपट वेळ जळत ठेवलात. त्यातून तार खडकावर किंवा कोरड्या जमिनीवर पडली तर करंट 640 सुद्धा येणार नाही. मी 100 टक्क्यांवरच ठेवेन. 150 च्या लोडला 200 चं पिकअप पुरेसं आहे.

लोडशेडर
तुमच्या चर्चेत थोडं घुसतो. प्लगचा घोळ न्यूमरिकल रिलेतही होतो. आमच्या एका पॅनेलमध्ये सीटीचं सेकंडरी 5 अँपिअर आणि रिलेत रेटेड करंट 1 अँपिअर तसाच राहिलेला. सेटिंग 1.0 पट लिहिलेली, कागदावर सगळं चोख. सीटी 200/5, त्यामुळे पिकअप झालं 40 अँपिअर. लोड जरा चढला की ट्रिप, आणि सगळे केबल तपासत बसले. सेकंडरी इंजेक्शन करणाऱ्यानेही 1 अँपिअरच सोडलेला, मग टेस्ट पास होणारच! शंकासुर, तुमचा पीएसएम जास्त येतोय तो यामुळे तर नाही?

शंकासुर
नाही, इथे चकती आणि खुंटीवाला प्लग आहे. तो पॅरामीटरच नाही. पण इंजेक्शन 5 अँपिअरच्या हिशेबानेच करून घेईन.

काका, टीएमएसचं सांगा. 250 एमव्हीए धरून इनकमरचा 0.28 आला होता.

ग्रेडिंगवाले काका
आधी इनकमरचा प्लग. ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड 394 अँपिअर आणि 100 टक्क्यांवर पिकअप 400, अगदी चिकटून. 125 घ्या, पिकअप 500.

```
t = TMS × 0.14 / (PSM^0.02 − 1)
```

आउटगोइंगला पीएसएम 20 धरा, टीएमएस 1 वर 2.27 सेकंद येतात, तुमच्या 0.1 वर 0.227. पीएसएम 20 च्या पुढे गेला तरी मी 20 चीच वेळ धरतो. खालचा रिले समजतो तेवढा चपळ नसला तरी ग्रेडिंग तुटत नाही. त्यात 0.4 सेकंद मिळवा: ब्रेकरची वेळ, चकतीचं पुढे सरकणं, दोन्ही रिलेंची चूक आणि थोडी मोकळीक. 0.627 झाले. तोच 4146 अँपिअर इनकमरला 8.3 पीएसएमने दिसतो, टीएमएस 1 वर 3.24 सेकंद. 0.627 भागिले 3.24 म्हणजे 0.194. डायल 0.2 वर ठेवा, वेळ 0.65 सेकंद.

तुमच्या 0.28 ने हाच बसवरचा फॉल्ट 0.91 सेकंद जळला असता. फॉल्ट लेव्हल फुगवून धरली की आपण सुरक्षित बाजूला आहोत असं वाटतं. ग्रेडिंग टिकतं खरं, पण पाव सेकंद जादा भोगतो तो ट्रान्सफॉर्मर.

धडाकेबाज
बरं, प्लगचं मान्य. पण सीटीचं काय? तुमची 200/5 जर 5पी10, 15 व्हीए असेल तर 10 पटीला, 2000 अँपिअरला हात टेकेल. मग 20.7 पीएसएम रिलेपर्यंत पोचणार कसा? म्हणून तर 400/5 म्हणत होतो.

तिसरा फेज
10 पट हे पूर्ण 15 व्हीए बर्डन असताना. 15 व्हीए म्हणजे 5 अँपिअरला 0.6 ओहम. सीटीच्या गुंडाळीचा रोध 0.2 धरू, जाऊन-येऊन वायर 0.1, रिले 0.12.

```
10 × (0.2 + 0.6) / (0.2 + 0.1 + 0.12) = 19
```

म्हणजे 3800 अँपिअरपर्यंत नीट. 4146 ला जरासाच वाकेल.

आता तुमची 400/5 घेऊ. पिकअप 200 अँपिअरच हवं, म्हणून प्लग 50 टक्के. पीएसएम तर तोच राहिला! आणि 2.5 अँपिअरच्या प्लगला तेच 3 व्हीए म्हणजे 0.48 ओहम. सीटीचा रोध 0.4 धरला तर 10 × 1.0 / 0.98, साधारण 10.2 पट, म्हणजे 4080 अँपिअर. नवी सीटी, शटडाउन, एवढी उठाठेव, आणि हाती लागले 280 अँपिअर. तुमच्याच बर्डनच्या मुद्द्याने तुमची सीटी खाल्ली. रिले न्यूमरिकल असता, ज्याचं बर्डन नगण्य, तर हीच 400/5 दुप्पट कामाची ठरली असती.

धडाकेबाज
हिशेब छान, पण 0.12 आणि 0.48 हे सेटिंगच्या करंटला. 20 पटीला रिलेच्या गुंडाळीचं लोखंड स्वतःच भरून जातं आणि तिचा ओहम उतरतो. तुमची 4080 प्रत्यक्षात बरीच वर जाईल. शिवाय फॉल्टच्या पहिल्या काही सायकलींत डीसी भाग असतो, तो तुम्ही धरलाच नाही. तो तुमच्या विरुद्ध जातो.

तिसरा फेज
गुंडाळीचं मान्य. पण ती 200/5 लाही लागू आहे, ती 3800 पण वर जाईल. डीसीबद्दल माझं म्हणणं, दोन-तीन दशांश सेकंदांच्या चकतीला त्याने विशेष फरक पडत नाही, चकती थोडी उशिरा पोचते एवढंच. हाय-सेट असता तर मी घाबरलो असतो.

निवांत न्यूट्रल
हाय-सेटचं नाव निघालंच आहे तर, तो लावाच. आउटगोइंगला 2000 अँपिअर ठेवा. त्याच्या वरचा फॉल्ट लगेच तुटतो, मग आयडीएमटीचं ग्रेडिंग 4146 ला न करता 2000 ला करायचं. तिथे आउटगोइंग 0.297 सेकंद, इनकमर पीएसएम 4 ला 4.98 सेकंद. टीएमएस उतरतो 0.14 वर, आणि बसवरचा फॉल्ट 0.65 ऐवजी 0.45 सेकंदांत तुटतो.

ग्रेडिंगवाले काका
आणि हाय-सेट अडकला तर? जवळच्या फॉल्टला आउटगोइंगची चकती 0.227 ला आणि इनकमर 0.45 ला. मध्ये उरले 0.22 सेकंद. ब्रेकर उघडेपर्यंत इनकमरही सुटेल आणि सगळे फीडर अंधारात. न्यूमरिकलवर मी हे करेन, या चकत्यांवर नाही. शिवाय लाइन परत चार्ज करताना त्यावरच्या सगळ्या ट्रान्सफॉर्मरांचा इनरश एकदम येतो, 2000 त्याच्या वर आहे का हे आधी बघा.

निवांत न्यूट्रल
हाय-सेट अडकेल म्हणून रोज 0.2 सेकंद जादा सोसायचे, हे मला पटत नाही. अडकणं क्वचित, बसचा फॉल्टही क्वचित. पण बसचा फॉल्ट झाला तर तिथला खर्च ट्रान्सफॉर्मरचा असतो.

शंकासुर
सध्या आउटगोइंग 100 टक्के, 0.1 आणि इनकमर 125 टक्के, 0.2 लावतो. सीटीचा गुंडाळी रोध मोजायला सांगितलाय. पण एक अडतंय. शेवटच्या टोकाचे 640 अँपिअर इनकमरला 1.28 पीएसएमने दिसतात. सूत्राने साडेपाच सेकंदांच्या वर वेळ येते.

तिसरा फेज
सूत्राने. चकती 1.3 च्या खाली नक्की फिरेलच असं धरू नका. म्हणजे आउटगोइंगचा ब्रेकर अडकला तर टोकाच्या फॉल्टला मागे कुणीच नाही.

ग्रेडिंगवाले काका
इनकमर 100 वर आणला तरी 1.6, आणि लोडची चिकटाचिकट परत. टोकाच्या फॉल्टचं बॅकअप इनकमरकडून मागूच नका. मध्यावर एक सेक्शनलायझिंग ब्रेकर किंवा रिक्लोजर बसवा, त्याचं पिकअप पुढच्या लोडपुरतं, 100 अँपिअरच्या आसपास.

धडाकेबाज
म्हणजे मी सीटी बदला म्हटलं तर उठाठेव, आणि काका नवा ब्रेकर मागतात तर चालतं!