मदत हवी आहे: निवृत्त होणाऱ्या मॅडमसाठी भेट आणि शुभेच्छापत्र

नाशिकमधील आमच्या कार्यालयातील लेखा विभागाच्या मॅडम ३१ तारखेला निवृत्त होत असून आम्ही अठरा जणांनी प्रत्येकी ५०० रुपये जमवले आहेत. त्यांनी शाल-श्रीफळ आधीच नाकारले आहे आणि त्या केवळ सुती साड्या नेसत असल्याने येवल्याच्या पैठणीचा विचारही सोडला. रोज सकाळी शाईचे पेन भरूनच त्या काम सुरू करतात, म्हणून नाव कोरलेले उत्तम शाईचे पेन द्यावे, असे मला मनापासून वाटते.

शुभेच्छापत्र टेबलोटेबली फिरवले, तर पहिल्याने लिहिलेले ‘पुढील आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा’ हेच वाक्य पुढच्या अकरा जणांनी उतरवले. आता प्रत्येकाला वेगळी कोरी चिठ्ठी देऊन त्या नंतर एकत्र चिकटवणार आहोत. त्या चिठ्ठीवर कोणता एकच प्रश्न छापला, तर लोक मॅडमची खरी आठवण लिहितील?