अनुभव धागा: वेअरहाऊस एक्झिक्युटिव्हची पहिली मुलाखत. तुम्हाला काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?

मीनल: माझा धाकटा भाऊ यंदा बी.कॉम. झाला. शुक्रवारी भिवंडीला मानकोलीजवळच्या एका गोडाऊनमध्ये त्याची मुलाखत आहे. ‘स्वतःबद्दल सांगा’ची तयारी झालीय, पण कामाचं काय विचारतात ते घरात कुणालाच माहीत नाही. ज्यांनी मुलाखती दिल्यात किंवा घेतल्यात त्यांनी प्रत्यक्ष विचारलेला प्रश्न आणि दिलेलं उत्तर लिहा. फसलेलं उत्तर असेल तर आधी तेच लिहा.

चाकणकर: माझं फसलेलंच घ्या. प्रश्न होता, “सिस्टीममध्ये २४० नग दिसतायत, रॅकवर २२९ आहेत. काय कराल?” मी ऐटीत म्हणालो, “सिस्टीममध्ये २२९ करून टाकीन, सर.” समोरचे गृहस्थ हसले, “म्हणजे उद्या तू अकरा नग घरी नेलेस तरी हिशेब जुळणार!” पाच मिनिटांत बाहेर आलो.

रॅकवाला: मी बारा वर्षं गोडाऊन सांभाळतोय. मुलाखतीला बसलो की हा प्रश्न मीही विचारतो, आकडेही साधारण हेच. नवीन पोराला सिस्टीम आली नाही तरी चालतं, ती आठवड्यात शिकवता येते. मला बघायचं असतं की तो आधी काय करतो. चांगलं उत्तर साधारण असं असतं:

“सर, आधी परत मोजेन, आणि दुसऱ्याकडून मोजून घेईन. मग शेजारच्या आणि वरच्या-खालच्या बिनमध्ये बघेन, कारण माल ठेवताना एखादा बॉक्स बाजूला जातो. उचललेला पण अजून डिस्पॅच न झालेला माल खाली डॉकवर पडलाय का ते बघेन. तरी नाही सापडला तर शेवटची मोजणी जुळली होती त्या दिवसापासूनच्या आवक-जावकीच्या नोंदी काढून सुपरवायझरना दाखवीन. सिस्टीममधला आकडा त्यांच्या मंजुरीशिवाय बदलणार नाही.”

एवढं आलं तरी मी खूश. मग खडा टाकतो, “फरक अकराचाच का असेल? एका कार्टनमध्ये बारा नग येतात.” इथे बहुतेक गप्प होतात.

सँडी: अकरा गेले म्हणजे चोरी, अजून काय? सीसीटीव्ही मागा, लोडरना विचारा.

रॅकवाला: सँडीभाऊ, चोर बहुधा अख्खं कार्टन नेतो, त्यातला एक नग परत ठेवून जात नाही. जरा मागे जाऊन बघा. समजा सकाळी २४१ नग होते, म्हणजे वीस कार्टन आणि एक सुटा. ऑर्डर आली एका नगाची. पोराने ‘१’ वाचलं आणि एक कार्टन उचललं. सिस्टीममधून एकच वजा झाला, उरले २४०. रॅकवरून बारा गेले, उरले २२९, म्हणजे एकोणीस कार्टन आणि तोच सुटा नग. म्हणून त्या दिवसांच्या डिस्पॅचमध्ये या मालाची ‘१’ची ओळ शोधायची आणि त्या गिऱ्हाइकाला फोन लावायचा. त्याला अकरा नग जास्त मिळालेत, तो स्वतःहून कशाला बोलेल? चोरी होत नाही असं माझं म्हणणं नाही. पण मुलाखतीत पहिलाच शब्द ‘चोरी’ आला, की हा पोरगा लोडरशी पहिल्या दिवशीच भांडण काढणार असं वाटतं.

चाकणकर: आणि उलटं झालं तर? ऑर्डर एका कार्टनची, गेला एक नग?

रॅकवाला: मग रॅकवर सिस्टीमपेक्षा अकरा जास्त दिसतील. ते शोधावं लागत नाही, गिऱ्हाईकच संध्याकाळपर्यंत ओरडत येतं.

गणपतकाका: पडघ्याला रस्त्यालगत माझं तीन हजार चौरस फुटांचं गोडाऊन रिकामं आहे. शटर नवीन आहे. कुणाला भाड्याने हवं असल्यास कळवा.

मीनल: काका, धागा मुलाखतीचा आहे हो. पण मालक म्हणून तुम्ही कधी माणूस ठेवला असेल तर तेही लिहा.

गणपतकाका: ठेवला होता एक. अक्षर चांगलं होतं म्हणून. अक्षर चांगलंच निघालं.

तृप्ती: मला विचारलं होतं, “एलआरवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर, शंभर बॉक्स आहेत, गाडीतून सत्त्याण्णव उतरले, ड्रायव्हर घाई करतोय. काय कराल?” मी सांगितलं, ड्रायव्हरसमोर पुन्हा मोजेन. कमीच भरले तर एलआरच्या सगळ्या प्रतींवर ‘९७ मिळाले, ३ कमी’ असं लिहून ड्रायव्हरची सही, तारीख, वेळ आणि गाडी नंबर घेईन, फोटो काढेन, आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सत्त्याण्णवचाच करेन. मग त्यांनी विचारलं, “सील बघितलंस का?” ते मी विसरले होते. सील शाबूत असेल आणि त्याचा नंबर कागदाशी जुळत असेल, तर माल भरतानाच कमी भरल्याचा संशय येतो. तुटलेलं असेल तर वाटेतलं काहीतरी. म्हणून सीलचा फोटो दार उघडायच्या *आधी*. नोकरी मिळाली. दुसरा प्रश्न “रात्रपाळी चालेल का?” हा होता. मी उलट विचारलं, “गाडी घरापर्यंत सोडते की नाक्यावर?” त्याचं उत्तर त्यांनी लगेच दिलं नाही, एवढं सांगते.

सँडी: शेरा मारून सही दिली म्हणजे माल स्वीकारलाच की. माझ्या मते पाठवणाऱ्याशी बोलणं होईपर्यंत सहीच देऊ नये.

तृप्ती: आणि तोपर्यंत डॉक अडवून ठेवायचा? मागे चार गाड्या उभ्या असतात.

रॅकवाला: दोन्ही पद्धती पाहिल्यात. आमच्याकडे शेरा मारून उतरवून घेतात. महाग मालाच्या एका गोडाऊनमध्ये मात्र फोन झाल्याशिवाय सही नाही. मुलाखतीत “तुमच्याकडे काय नियम आहे, सर?” असं विचारलेलं उत्तम.

नाशिकचा_पक्या: मला ई-वे बिलावर धरलं, माल गाडीने नेताना लागतं ते जीएसटीचं ऑनलाइन बिल. गाडी कसाऱ्याला बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत टाकायचा, काय करशील? मी म्हणालो, नवीन ई-वे बिल काढायचं. बरोबरच आहे ना? पन्नास हजारांच्या वर माल असला की लागतंच.

तृप्ती: नाही, पक्या. बिल तेच राहतं, पार्ट-बीमध्ये नव्या गाडीचा नंबर भरायचा, आणि तो माल पुढे हलायच्या आधी. पन्नास हजारांची मर्यादा राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती एक लाख आहे. मुदतही बघायची, साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी बंद पडण्यात दिवस गेला तर मुदत वाढवून घ्यावी लागते.

नाशिकचा_पक्या: अरेच्चा. मग मुलाखत घेणारे “ठीक” का म्हणाले?

रॅकवाला: त्यांनाही माहीत नसेल. असतं असं.

मीनल: भाऊ आत्ताच परत आला. अकराचं कोडं पाठ करून गेला होता, ते कुणी विचारलंच नाही. त्याला थेट आत नेलं, एक भरलेलं पॅलेट दाखवलं आणि “किती बॉक्स?” म्हणाले. त्याने दोन बाजूंनी तीन-तीन मोजले, थर पाच, सांगितलं पंचेचाळीस. त्यांनी वरचा एक बॉक्स बाजूला करायला लावला. मध्ये पोकळी होती, वरपासून खालपर्यंत. प्रत्येक थरात आठच, म्हणजे चाळीस. “सोमवारपर्यंत कळवतो” म्हणालेत. रॅकवाला दादा, हे तुम्हीही विचारता का?

रॅकवाला: आजपासून विचारणार.