ग्रुप डिलीट केला म्हणे!

विंग_बी: सोसायटीचा १८० जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डिलीट केला. थकबाकीदारांच्या यादीवरून रोज भांडणं. यादीही गेली, कटकटही गेली. तुम्हीही करून टाका.

गच्चीवरून: यादी कुठे गेली? तुम्ही एकेकाला काढलंत, शेवटी स्वतः बाहेर पडलात आणि डिलीट दाबलंत. त्याने ग्रुप फक्त तुमच्या फोनवरून गेला. उरलेल्या १७९ जणांना आता तिथे लिहिता येत नाही, एवढंच. यादी ते वाचू शकतात, पुढेही पाठवू शकतात.

ती काढायची तर पोस्ट झाल्यापासून साधारण अडीच दिवसांत, सगळे ग्रुपमध्ये असतानाच ‘Delete for everyone’ करायला हवं होतं. दुसऱ्याने टाकलेली असली तरी अ‍ॅडमिनला ते करता येतं. तुम्ही आधी माणसं काढलीत. डिलीटचा निरोपही ग्रुपमधूनच जातो, मग बाहेर काढलेल्याला तो पोचणार कसा?

चहा_बिनसाखर: टेलिग्रामवर मालकाने ग्रुप उडवला की सगळ्यांचा जातो. इथेही तसंच असणार.

गच्चीवरून: टेलिग्रामचं बरोबर. ‘असणार’ म्हणून इथे चालत नाही.

तिसरा_मजला: यादीचं सोडा, गुड मॉर्निंगच्या गुलाबांचं बोला! मी ग्रुप सोडला, तरी फोन भरलेलाच.

गच्चीवरून: सोडल्याने जागा सुटत नाही. चॅट डिलीट करताना खाली मीडियाही पुसायची चौकट येते, तिथे टिक लागते. नाहीतर अँड्रॉइडवर गुलाब `WhatsApp Images` फोल्डरमध्ये तसेच राहतात. त्याच न्यायाने आयफोनच्या फोटोंत आधीच सेव्ह झालेली यादी मेसेज उडवल्यावरही तिथेच राहू शकते.

तिसरा_मजला: म्हणजे गुलाब अमर! आणि पाठवणाऱ्या काकांना मी सोडल्याचं कळलं का?

चहा_बिनसाखर: नाही, २०२२ पासून फक्त अ‍ॅडमिनलाच कळतं.

गच्चीवरून: सूचना अ‍ॅडमिनलाच जाते, पण माजी सदस्यांची यादी सगळ्यांना ६० दिवस दिसते. काका शोधतील तर सापडाल.

तिसरा_मजला: काका शोधणारच. रिकामेच असतात.

विंग_बी: सगळं ज्ञान पाजळून झालं असेल तर सांगतो, ग्रुप माझा होता, बंद करायचा अधिकार माझा. नुसता बाहेर पडलो असतो तर काय बिघडलं असतं?

गच्चीवरून: अ‍ॅडमिन एकटे तुम्हीच असाल, तर व्हॉट्सअ‍ॅपने दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅडमिन केलं असतं. कदाचित थकबाकीदारालाच. तेवढ्यापुरतं तुम्ही शहाणपणा केलात, मान्य.

विंग_बी: उपकार झाले! पण यादी लावायचीच नव्हती का? नोटीस बोर्डवरही लावतातच की.

चहा_बिनसाखर: बोर्डवरचा कागद संध्याकाळी काढता येतो.

विंग_बी: त्याचेही फोटो काढतात लोक.